एका रुपयासाठी 31 मार्चची रात्र जागवली. बरोबर केलं की वेडेपणा?

बंदरची हिशेबनीस: दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी हिशेब बघते. बोटींना डिझेल आणि बर्फ उधारीवर देतो, मासळी विकली की त्या पैशातून वळते करतो. 31 तारखेला संध्याकाळी खतावणीत सभासद उधारीची बाकी 18,42,617 आली. सभासदांच्या कार्डांवरून केलेल्या यादीची बेरीज 18,42,618. सचिव म्हणाले, "रुपया किरकोळ जमेला टाक आणि घरी जा." मी बसले. पहाटे फरक सापडला, पण घरी शिव्या खाल्ल्या. तुमचं मत काय?

काजूवाला: ताई, हा राउंड ऑफचा रुपया. माझ्या दुकानात जीएसटीचे दोन भाग वेगवेगळे पूर्ण रुपयात केले की दर दोन-चार बिलांमागे होतोच. राउंड ऑफ खातं उघडा आणि विसरा. आणि टॅली घ्या, म्हणजे नावे-जमा जुळवणारी तेरीज कधी चुकणारच नाही.

जुना तपासनीस: तेरीज जुळते म्हणजे नोंद बरोबर असते, असं कोण म्हणालं? 5,490 च्या चिठ्ठीऐवजी संगणकात 4,590 टाकले तर नावे आणि जमा दोन्हीकडे 4,590 च पडतात. तेरीज झकास जुळते आणि सोसायटीचे 900 रुपये जातात. इथे तर प्रश्न तेरजेचा नाहीच, खतावणी आणि कार्डांची यादी यांच्यातला आहे. यादी हाताने केलेली आहे ना?

बंदरची हिशेबनीस: हो, कार्डं हातानेच लिहितो. बोट चालवणारा तांडेल कार्ड हातात घेऊन बघतो, त्याला संगणकाचा कागद पटत नाही.

मांडवी: मी पतसंस्थेत होतो. नियम सोपा आहे. फरकाला 9 ने भाग गेला तर आकडे उलटसुलट झालेत. निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेलीय. 1 ला 9 ने भाग जात नाही, म्हणजे आकडे उलटलेले नाहीत, नुसती बेरजेची चूक. पुन्हा बेरीज मारली असती तर अर्ध्या तासात सुटली असती. रात्रभर कशाला?

बंदरची हिशेबनीस: बेरीज आधी मीही मारली, दोनदा. बरोबर होती. मग बाक्या कार्डांवरून यादीत नीट उतरल्यात का ते पाहिलं, त्याही ठीक. तेव्हा बाकी सोडली आणि बाजू फोडल्या. सगळ्या कार्डांवरचं वर्षाचं नावे वेगळं, जमा वेगळं, महिन्यामहिन्याने काढलं आणि खतावणीतल्या त्याच महिन्याच्या रकमांशेजारी लिहिलं. वेळ यातच गेला. फेब्रुवारीत कार्डांवरचं नावे 900 ने कमी निघालं आणि मार्चमध्ये जमा 901 ने कमी. नावे 900 कमी पडलं तर येणं कमी दिसतं, जमा 901 कमी पडली तर येणं जास्त दिसतं. एकातून एक वजा झालं आणि हातात राहिला तो रुपया.

900 ला मात्र 9 ने भाग जातो. म्हणून फेब्रुवारीतल्या अशाच नोंदी बघितल्या, जिथे हजाराच्या जागी लहान आणि शेकड्याच्या जागी त्याच्याहून एकाने मोठा आकडा आहे. बर्फाची चिठ्ठी 5,490 ची, कार्डावर 4,590. मार्चमधली 901 ची वळती पावती दुसऱ्या पावतीला पिन मारून मागे गेली होती, कार्डावर चढलीच नव्हती.

मांडवी: हं. दोन चुका एकत्र असतील तर माझा नियम उरलेल्या फरकावर चालत नाही, हे मान्य. पण असं रोज होतं का?

जुना तपासनीस: रोज होत नाही. पण होतं तेव्हा फरक लहानच दिसतो, म्हणून कोणी शोधत नाही. सचिवांचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं बघा. खतावणी बरोबर होती, चुकीची होती ती कार्डं. यादीशी जुळवायला तुम्ही सभासद उधारीला रुपया नावे टाकला असता आणि किरकोळ जमा दाखवली असती, म्हणजे जे खातं शुद्ध होतं तेच बिघडवलं असतं. आता दुरुस्ती फक्त दोन कार्डांवर. खतावणीत एकही नोंद नाही, नफ्याला धक्का नाही.

वेंगुर्ल्याचो: माका तेरीज-बिरीज कळना नाय. आमच्या बापाशीक एकदा अशीच थकबाकीची नोटीस इली हुती. पैशे भरलेली पावती घरात गावली म्हणान वाचलो, नायतर परत भरूचे लागले असते. तेवा त्या 901 वाल्याक इचारा, रुपयो केवढो ता.

भरती-ओहोटी: मी विरुद्ध बाजूने बोलतो, मीही हिशेबातलाच. शोधणं चूक नाही, रात्र चूक. 31 च्या रात्री जे नंतर करताच येत नाही ते करायचं: रोकड मोजून नोटांचा तपशील लिहून सही घेणं आणि डिझेलच्या टाकीत पट्टी टाकून साठा लिहिणं. सकाळी पहिली बोट डिझेल घेऊन गेली की तो साठा परत मिळत नाही. याद्या एप्रिलमध्ये जुळवल्या तरी त्या 31 मार्चच्याच राहतात, कारण पावत्या कुठे पळत नाहीत. तुमचा डिझेल साठा त्या रात्री मोजला गेला का?

बंदरची हिशेबनीस: रोकड मोजली, सही घेतली. साठा पंपावरच्या मुलाने मोजला. मी समोर नव्हते.

भरती-ओहोटी: बघा. रुपया मिळाला आणि हजारोंचा साठा एका माणसाच्या शब्दावर राहिला. सचिवांनी रुपया टाकायला सांगितला ते चूकच, पण "घरी जा" हे बरोबर होतं.

जुना तपासनीस: साठ्याचा मुद्दा मानतो. पण एप्रिलमध्ये जुळवू म्हणणाऱ्यांच्या याद्या मी ऑगस्टमध्ये न जुळलेल्या पाहिल्यात. तोवर त्याच कार्डांवर नव्या वर्षाच्या नोंदी चढतात आणि 31 ची बाकी मागे मागे जात काढावी लागते. आणखी एक. यादी जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका. बंदरावर एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसं असतात. एकाची पावती दुसऱ्याच्या कार्डावर चढली तर यादी रुपयाचाही फरक दाखवत नाही. ती चूक फक्त बाकी कबुलीपत्र पाठवून, सभासदाची सही आणून सापडते.

काजूवाला: मग राउंड ऑफ खातं कशासाठी असतं?

जुना तपासनीस: पैशांचा रुपया करताना जे उरतं त्यासाठी, तेही त्याच बिलाच्या नोंदीत. वर्षअखेरीला कुठलाही न सापडलेला रुपया कोंबण्यासाठी नाही.

बंदरची हिशेबनीस: कबुलीपत्रं या आठवड्यात काढते. अडचण वेगळीच आहे. 901 वाल्याचं कार्ड दुरुस्त केलं, तो खूश. पण ज्याच्या कार्डावर 900 कमी लागले होते, तो म्हणतो मार्चमध्ये हिशेब सांगताना तुम्हीच बाकी सांगितली होती, आता वाढवून देणार नाही.

भरती-ओहोटी: चिठ्ठीवर त्याची किंवा तांडेलाची सही आहे का?

बंदरची हिशेबनीस: अंगठा आहे, पण बर्फाच्या पाण्याने अर्धा फिसकटलाय.

वेंगुर्ल्याचो: मगे आता सचिवाकच धाडा त्याच्याकडे.