शब्दचर्चा: ‘मोझाइक’ला ‘संमिश्र’ म्हणावं का?

मैत्रेयी: बीएस्सीच्या टिपणांत ‘एक्स गुणसूत्राच्या निष्क्रियीकरणामुळे मांजरीचा रंग संमिश्र होतो’ असं लिहिलंय. मोझाइकला, म्हणजे एकाच शरीरात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी असण्याला, ‘संमिश्र’ चालेल का?

वसंत: नाही चालणार. संमिश्र म्हटलं की दोन रंग कालवल्यासारखे वाटतात. काळ्या-नारिंगी मांजरीच्या अंगावरचा डाग जवळून पाहा. एक केस काळा, शेजारचा नारिंगी. दोन्ही मिळून तपकिरी झालेला केस नसतो. नारिंगी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मांजरीच्या प्रत्येक रंगपेशीत तिच्या दोन एक्सपैकी एकच बोलतो. म्हणून मी ‘चट्टेरी’ म्हणेन.

ओंकार: म्हणजे प्रत्येक पेशी दर वेळी चिठ्ठी टाकते, कुठला एक्स बंद करायचा ते.

वसंत: चिठ्ठी पडते हे खरं, पण एकदाच, गर्भ अगदी लहान असताना. नंतर त्या पेशीच्या सगळ्या लेकी-नाती तोच एक्स मिटलेला ठेवतात. दर विभाजनाला नवी चिठ्ठी पडली असती, तर चट्टे उमटलेच नसते, सगळीकडे मिरी-मीठ दिसलं असतं. जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली.

सुलभा: आमचा बोका तिरंगी होता! लोक शुभ म्हणायचे. पांढरा रंगही एक्सवरच असतो ना?

वसंत: पांढऱ्याचा जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर असतो. पांढऱ्या जागी रंगपेशी पोचलेल्याच नसतात. म्हणून तिरंगी मांजरीचे काळे-नारिंगी चट्टे सहसा मोठे असतात, आणि पांढरं नसेल तर दोन रंग बारीक विखुरतात. तुमचा बोका खरंच तिरंगी असेल, तर त्याच्याकडे बोक्याच्या नेहमीच्या एका एक्सऐवजी बहुधा दोन एक्स आणि एक वाय असेल. नीट आठवून बघा, नारिंगी-पांढरा तर नव्हता?

सुलभा: काळं होतं हो, शेपटीला. की मातकट होतं? आता फोटोही नाही.

मैत्रेयी: मग ‘निष्क्रिय’ तरी बरोबर आहे का?

वसंत: बऱ्यापैकी. मला ‘मूक’ आवडतो, कारण गुणसूत्र जागेवरच असतं, फक्त आवळून मिटलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाच्या कडेला गडद ठिपका दिसतो तो हाच. पण पूर्ण मूकही नाही, त्यावरचे काही जनुक बोलत राहतात. आणि मिटलेलं किती पक्कं राहतं बघा: 2001 मध्ये तिरंगी मांजरीच्या एका पेशीपासून ‘सीसी’ नावाची क्लोन मांजरी जन्मली. तिच्या अंगावर नारिंगी नव्हताच. त्या पेशीत नारिंगीवाला एक्स आधीच मिटलेला होता आणि क्लोन करताना तो उघडला नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

ओंकार: म्हणजे डीएनए तोच, पण मांजरी वेगळी दिसते! तरी ‘चट्टेरी’ पटत नाही. चट्टे न दिसणाऱ्या ऊतीतही मोझाइक असतंच की. यकृताला चट्टेरी म्हणणार?

वसंत: हं. यकृतापाशी माझा शब्द अडला खरा.

मैत्रेयी: आपल्याकडे ‘कबरी’ आहेच की मांजरीला. पेशींसाठी तूर्त ‘मोझाइक’च ठेवते, ‘संमिश्र’ खोडते.