शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता अडवला, नोटिशीत काय लिहू? (तातडीचं)

शिवारकर: शेजाऱ्याने आमच्या शेताकडे जाणारी गाडीवाट काटेरी तार ओढून बंद केली आहे. ऊस तोडणीला आलाय, ट्रॅक्टर आत जात नाही. नोटीस मीच लिहितोय: ‘सदर रस्ता आमच्या मालकीचा व वहिवाटीचा असून तुमच्या वडिलांच्या संमतीने आम्ही १९८५ पासून वापरत आहोत. सात दिवसांत कुंपण काढावे.’ एवढं पुरे का?

दप्तरदार: पाठवू नका. ‘मालकीचा’ आणि ‘संमतीने’ हे दोन शब्द तुमचाच दावा बुडवतील. सुविधाधिकार, म्हणजे वहिवाटीचा हक्क, असतो तो दुसऱ्याच्या जमिनीवर. मालकी सांगितलीत की समोरचा वकील म्हणणार, मग वहिवाटीचा हक्क कसला? आणि संमतीने वापरलात तर ती नुसती परवानगी ठरते, ती देणारा काढूनही घेऊ शकतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ ला लागतो तो उघड, शांततेत, अखंड आणि हक्क म्हणून केलेला २० वर्षांचा वापर. वाट बंद होऊन किती दिवस झाले? जमिनी आधीपासून वेगळ्या होत्या का?

बांधावरचा: एवढं कशाला? तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ चा अर्ज द्या, बांधावरून रस्ता मिळतो.

दप्तरदार: ते नवीन रस्ता मागण्यासाठी. यांची जुनी वाट अडवली आहे, ती मोकळी करायची आहे.

गटनकाशा: २० कशाला, १२ वर्षं पुरतात.

दप्तरदार: १२ वर्षं जमिनीचा कब्जा प्रतिकूल असेल तेव्हा. वाटेला २०, जमीन सरकारी असेल तर ३०.

शिवारकर: बंद करून पाच महिने झाले. शेजारी म्हणजे चुलतभाऊ. आधी गट एकच होता, वाटपाचा फेरफार २००९ चा.

दप्तरदार: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, यानं सगळं बदलतं. गट एकत्र होता तोवर तुम्ही सहमालक म्हणून चाललात. स्वतःच्याच जमिनीवर सुविधाधिकार मिळत नाही. म्हणजे १९८५ पासूनची वर्षं धरता येत नाहीत, मोजणी वाटपापासून. २००९ धरलं तर २० भरतच नाहीत.

शिवारकर: पण तोंडी वाटप १९९६ लाच झालं! तेव्हापासून कसणं वेगळं, बांध वेगळा. नोंद तेवढी उशिरा झाली.

गटनकाशा: मग फेरफाराची तारीख महत्त्वाची नाही. फेरफारानं हक्क निर्माण होत नाही. १९९६ नंतरच्या सातबाऱ्यांवर दोघांची पिकं वेगळी लागली आहेत का ते बघा, जुन्या नकला काढा.

दप्तरदार: हे पटलं. पुरावा मिळाला तर १९९६ पासून २० वर्षं २०१६ ला भरतात. पण तेवढ्यावर थांबू नका. हा हक्क पक्का होतो तो न्यायालयात, आणि वापराचा काळ दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेला असावा लागतो. म्हणून अडवणूक मुकाट्याने सोसत बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली अडथळा काढायला तहसीलदारांकडे जायचं तर मुदत सहा महिन्यांची, म्हणजे तुमच्याकडे महिनाच उरलाय. खासगी माणसाला आधी नोटीस द्यायची सक्ती नाही. उत्तराची वाट बघत तो महिना घालवू नका. नोटिशीतला मजकूर साधारण असा:

‘गट क्र. … ही आमची व गट क्र. … ही आपली मिळकत आहे. सन १९९६ च्या वाटपापासून आपल्या गटाच्या पूर्व बांधालगत उत्तर-दक्षिण सुमारे ८ फूट रुंदीच्या गाडीवाटेने आम्ही आमच्या शेतात ये-जा, बैलगाडी व ट्रॅक्टरने शेतमालाची वाहतूक उघडपणे, शांततेत, अखंड व हक्क म्हणून करीत आलो आहोत. दि. … रोजी आपण खांब रोवून व तार ओढून ती अडवली आहे. सात दिवसांत अडथळा काढावा, अन्यथा हक्काची घोषणा व मनाई हुकूम यांसाठी दावा दाखल करू.’

रुंदी फितीने मोजूनच घाला. आणि ट्रॅक्टर २० वर्षांपासून जातो का? पाच वर्षांपासून जात असेल तर तसं लिहू नका, वापर होता तेवढाच हक्क. पोचपावतीसह पोस्टाने पाठवा. खांबांचे आणि चाकोऱ्यांचे फोटो आजच काढा, पाऊस पडला की चाकोऱ्या बुजतात.

गटनकाशा: पर्याय म्हणून गरजेचा हक्कही, सुविधाधिकार कायद्याचं कलम १३, दाव्यात मांडा. वाटपानं जमीन कोंडली गेली तर तिथं २० वर्षं लागत नाहीत.

शिवारकर: ओढ्यातून एक वाट आहे, पण पावसाळ्यात चार महिने पाणी असतं. ती लिहायची की नको?

गटनकाशा: मुळीच नको. दुसरी वाट दिसली की गरज संपली.

दप्तरदार: लपवलेलं तो दाखवणारच, मग तुमच्या बाकीच्या कथनावरचा विश्वासही जातो. पाणी किती महिने, गाडी उतरते का, हे सांगून लिहा. नुसती गैरसोय म्हणजे गरज नव्हे, हे खरं. पण चार महिने बंद असलेली वाट कुठं बसते, हे पुराव्यावर ठरेल.

बांधावरचा: तरी १४३ विसरू नका.