गोष्टीतला लाईनमन: अख्खी वाडी अंधारात घातली, ते बरोबर की चूक?

रानवाट
खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर गोष्ट लिहिली आहे. तिचा मधला भाग देतो.

तरणा पाऊस लागलेला. रात्री नऊच्या सुमाराला देवळाकडच्या घरांतले दिवे एकदम पांढरेफेक झाले. टीव्ही गेला, मग फ्रिज, मग दोन घरांतले पंखे. ओढ्याकडच्या घरांत मात्र दिवे काजव्यासारखे मिणमिणत होते. लाईनमन अण्णा भिजत आला. पाण्याच्या टाकीची मोटर व्यवस्थित चालू होती. लोक म्हणाले, ‘अण्णा, करंट बरोबर हाय की, मोटर चाललीया बघा.’ त्यानं देवळाजवळच्या घरात मीटर लावला: 345 व्होल्ट. ओढ्याकडं: 70. काही न बोलता तो टीसीकडं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडं, गेला आणि तिन्ही फ्यूज काढले. वाडी काळोखात बुडाली. एका घरातून बाई ओरडली, ‘अण्णा, आमच्या मामांचं ऑक्सिजनचं मशीन हाय!’ त्यानं घरोघरी मेन पाडायला लावले, फ्यूज परत घातले आणि दोन बल्बांचा टेस्ट लॅम्प घेऊन खांबामागून खांब घरं तपासत निघाला. पाचव्या खांबावरच्या घरात लॅम्प लागला. सहाव्यावर नाही. पुन्हा फ्यूज काढून तो एकटाच पाचव्या खांबावर चढला. न्यूट्रलचा जंपर, म्हणजे परतीच्या तारेचा जोड, पांढरी भुकटी होऊन सुटला होता.

वाचून दाखवल्यावर दोन आक्षेप आले. मोटर नीट चालू असताना घरातल्या वस्तू जळतील कशा? आणि आजारी माणूस मशीनवर असताना वीज तोडणारा नायक कसा? तुम्हाला काय वाटतं?

चिकोडीचा_मास्तर
पहिला आक्षेप बरोबर आहे. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर न्यूट्रलमधून करंट जातच नाही, हे आम्ही पोरांना शिकवतो. मग ती तार तुटली काय, राहिली काय? शिवाय 345 व्होल्ट आले तर फ्यूज उडायला नको का? तो भाग बदला.

जुना_खांब
मास्तर, लोड सारखा असेल तर तुमचं म्हणणं खरं. पण वाडीत रात्री नऊला लोड सारखा कधीच नसतो. ओढ्याकडच्या घरात कुणीतरी पाणी तापवायची कॉईल टाकलेली, देवळाकडं दोन दिवे आणि एक टीव्ही. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक घराला आपले 230 मिळतात, शेजाऱ्यानं काय लावलंय याच्याशी संबंध नाही. तो सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले 400 व्होल्ट आपसात वाटून घेतात.

हिशेब करून बघा. एका फेजवर फक्त 100 वॅटचा बल्ब, दुसऱ्यावर 1000 वॅटची इस्त्री, तिसऱ्यावर काहीच नाही. बल्बाचा अडथळा इस्त्रीच्या दहापट, म्हणून 400 मधले सुमारे 364 त्याच्या वाट्याला येतात आणि इस्त्रीला उरतात 36. ज्याच्या घरी कमी चालू असतं त्याचंच जळतं. गोष्टीत तिसरी फेजही आहे, म्हणून आकडे थोडे वेगळे, पण 345 आणि 70 हे एकमेकांशी जुळतात.

फ्यूज उडत नाही, कारण तो व्होल्टेज बघत नाही, करंट बघतो. इथं कुणाचाच करंट फारसा वाढलेला नसतो. आणि मोटर तीन फेजवर चालते, तिला न्यूट्रलची गरजच नाही. मोटर ठीक आणि घरांत गोंधळ, हीच तर न्यूट्रल गेल्याची खूण. तो भाग अजिबात बदलू नका. उलट एक भर घाला: एक टीव्ही जळून बंद पडला की त्या फेजवरचा लोड आणखी कमी होतो, उरलेल्यांवरचा दाब आणखी वाढतो. म्हणून वस्तू एकदम जात नाहीत, एकामागून एक जातात.

निपाणीकर_वैनी
आमच्याकडं गेल्या पावसाळ्यात वीज पडून टीव्ही आणि मोबाईलचा चार्जर दोन्ही गेले. त्याची भरपाई कुणाकडं मागायची? अर्ज दिलाय, उत्तर नाही.

जुना_खांब
वैनी, आधी ती वीजच होती का ते बघा. गडगडाटाच्या क्षणी एकदाच भडका उडाला आणि सगळं गेलं, तर वीज असू शकते. पण काही मिनिटं दिवे कमीजास्त होत राहिले, शेजारच्या घरात मंद आणि तुमच्याकडं भगभगीत, तर न्यूट्रल. अर्जात तारीख, वेळ आणि त्याच खांबावरच्या दोन-तीन घरांचं काय झालं ते लिहा. भरपाई मिळेलच असं मी सांगणार नाही.

कणकुंबी_पाऊस
मला दुसरा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. माझे वडील वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लाईट गेली की काय होतं ते मला विचारा. त्या बाईला एक शब्दही न सांगता फ्यूज काढणारा माणूस मला आवडत नाही. त्यानं आधी त्या घरात जायला हवं होतं.

जुना_खांब
तुमचं दुःख समजतं. पण 345 व्होल्टवर ते मशीन किती वेळ टिकलं असतं? आणि सुटलेला न्यूट्रल स्वतः जिवंत होतो. घरातला मेन एकेरी, फक्त फेज तोडणारा असेल तर तो पाडूनही न्यूट्रलची तार बोर्डात जोडलेलीच राहते. काही घरांत अर्थिंगची तार नसते म्हणून फ्रिजची बॉडी न्यूट्रललाच बांधलेली असते. ओल्या पायांनी त्याला हात लावणारं पोर तिथंच मरेल. म्हणून आधी तोडणं बरोबर.

कणकुंबी_पाऊस
तोडणं चूक म्हणत नाही. सांगून तोडा म्हणते. ‘वैनी, सिलिंडर लावा, लाईट काढतोय’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

चिकोडीचा_मास्तर
दोन बल्बांची गरज काय? मीटर आहे ना त्याच्याकडं, तो जास्त अचूक. आणि पावसात जमीन ओली असते, टीसीचं अर्थिंग चांगलं असेल तर जमीनच न्यूट्रलचं काम करते.

जुना_खांब
मेन पाडल्यावर तुटलेल्या जागेपुढची न्यूट्रल तार नुसती अधांतरी असते. डिजिटल मीटर अशा तारेवरही भलते आकडे दाखवतो, शेजारच्या फेजची सावली पकडतो. बल्ब खरा करंट मागतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये तो लागला नाही आणि दोन फेजमध्ये लागला, की न्यूट्रल मागंच कुठंतरी तुटला. बल्ब दोन एवढ्यासाठी, की 400 आले तर एकटा फुटेल.

जमिनीचं म्हणाल तर अर्धं खरं. ओल्या मातीनं परिणाम कमी होतो, पण वाडीतल्या अर्थिंगचा अडथळा काही ओहम तरी असतोच. कॉईलसारखा लोड असला की तेवढ्यानं भागत नाही. जांभ्यात पावसाळ्यात किती फरक पडतो यावर आमच्यातही एकमत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. तो एकटा चढला. फ्यूज काढले तरी कुणाच्या घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा करंट पाठवू शकतो. चढून चारही तारा आधी एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या, खाली एक माणूस उभा ठेवायचा, मगच जंपरला हात. आणि तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती गुंडाळली असणार, म्हणूनच ॲल्युमिनियमची भुकटी झाली. नवा जंपर त्याच पद्धतीनं बांधला असं लिहू नका.

रानवाट
तारा जमिनीला जोडण्याचं लिहितो. पण तो एकटा आहे म्हणूनच प्रसंग खरा वाटतो. रात्री त्या पावसात दुसरा माणूस असतो कुठं?

जुना_खांब
नसतो, मान्य. मग त्यानं फोन करून दुसरा माणूस मागितला आणि तो आला नाही, एवढं तरी लिहा.

कणकुंबी_पाऊस
आणि त्या घरात जाऊन सांगून आला, तेही.