उत्तर: स्थिरपद शून्य का आलं

"गोलाचं केंद्र (2, −3, 6), त्रिज्या 7. (x − 2)² + (y + 3)² + (z − 6)² = 49 या समीकरणाचे कंस सोडवल्यावर स्थिरपद शून्य येतं. कुठे चुकलं?"

कुठेच नाही. आरंभबिंदूपासून केंद्राचं अंतर काढून बघा: √(4 + 9 + 36) = 7, म्हणजे त्रिज्येइतकंच. गोलाचा पृष्ठभाग आरंभबिंदूतूनच जातो, म्हणून x² + y² + z² − 4x + 6y − 12z = 0 हे बरोबर आहे. स्थिरपद म्हणजे त्या अंतराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या 5 असती तर 49 − 25 = 24 आलं असतं, धन, म्हणजे आरंभबिंदू गोलाबाहेर. त्रिज्या 8 असेल तर −15, म्हणजे तो आत.

मात्र शून्य आलं म्हणून निर्धास्त राहू नका. खानापुरात मी पीयूसीच्या मुलांची शिकवणी घेतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली हुशार मुलंसुद्धा (y + 3)² ऐवजी (y − 3)² लिहितात, आणि स्थिरपद तरीही शून्यच येतं, कारण 3 चा आणि −3 चा वर्ग सारखाच. ही चूक पकडायची तर कंस सोडवण्याआधी केंद्राचेच निर्देशक डाव्या बाजूला घाला. तिथे शून्य यायला हवं. चिन्ह चुकलं असेल तर (−3 − 3)² = 36 उरतं.