‘घर सातारा’ ग्रुप, रविवार रात्र

शुभा: दादा, समीर, वहिनी, हे मोठं आहे, चहा घेऊन वाचा. आई-बाबा या ग्रुपवर नाहीत म्हणून इथेच लिहिते. आईला कळलं तर ती पहिलं वाक्य म्हणेल, “लेकीकडून पैसे घ्यायचे का आता?” तो वाद मला नको आहे.

बाबांना अर्धांगवायू झाल्याला आता 11 महिने झाले. तेव्हा दवाखान्याचं बिल 1 लाख 86 हजार झालं. त्यातले 1 लाख 10 हजार माझ्या कार्डावरून गेले, बाकीचे दादाने पाठवले. असं कुणी ठरवलं नव्हतं. काउंटरवर मी उभी होते म्हणून माझं कार्ड पुढे गेलं, एवढंच. नंतर तीन महिने आपण तिघंही फोनवर जरा जपून बोलत होतो, आठवतंय? पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

आधी महिन्याचा हिशोब. दिवसाची बाई 16,000, तिच्या सुट्टीच्या चार रविवारी बदली बाई 700 प्रमाणे 2,800, दोघांची औषधं 9,200, फिजिओथेरपी 5,000, तपासण्या, डॉक्टर आणि रिक्षा मिळून साधारण 3,000. एकूण 36,000. बाबांची पेन्शन 26,000. त्यातून किराणा, वीज, गॅस, दूध यात 14,000 जातात आणि 12,000 उरतात. म्हणजे महिन्याला 24,000 ची खोट. आतापर्यंत ती आईच्या मुदत ठेवीतून भरत आलोय आणि त्या ठेवी आता दिवाळीपलीकडे पुरणार नाहीत.

औषधांचा खर्च आधी 13,000 होता. डॉक्टरांना औषधांची मूळ नावं लिहून द्यायला सांगितलं आणि 11 पैकी 6 औषधं जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागले, तेव्हा तो इथवर आला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी मात्र बदलू नका असं डॉक्टर म्हणाले, ती तशीच आहे. याहून कमी होईल असं वाटत नाही.

आता वाटणी. तिघांनी आठ-आठ हजार काढायचे म्हटलं तर कागदावर छान दिसतं. पण समीरच्या हातात महिन्याला 40,000 येतात, माझ्या 65,000, दादाच्या 1,20,000. समीरला आठ हजार म्हणजे मुलाची शाळेची फी. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या घरखर्चाचे 25,000 बाजूला ठेवू, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्याच्या प्रमाणात खोट वाटून घेऊ. दादाचे उरतात 95, माझे 40, समीरचे 15 हजार. तसं केलं तर दादा 15,200, मी 6,400, समीर 2,400.

दादा: शुभे, हिशोब पटला, पण माझा 50,000 चा हप्ता कुठे गेला? फ्लॅटचा. तो काय मी उडवत नाही.

शुभा: माहीत आहे रे. पण हप्ता भरून तुझाच फ्लॅट उभा राहतोय, तो सगळा खर्च कसा धरू? आणि अजिबात धरला नाही तरी तुझ्यावर अन्यायच. अर्धा धरू या? 25,000. मग तुझे उरतात 70. तू 13,440, मी 7,680, समीर 2,880. मला वाढतात, चालेल.

दादा: समीरचेही वाढले.

समीर: 480 ने. चालतंय. पण ताई, पैशापेक्षा मला दुसरं बोलायचंय. तू दर आठवड्याला रजा टाकून बाबांना घेऊन जातेस. ते यात कुठेच नाही.

शुभा: नाही धरलं मुद्दाम. पाच मिनिटांवर राहते, त्याचे पैसे काय लावायचे. मला पैसे नकोत, महिन्यातले चार रविवार हवेत. दुपारी झोपायला.

समीर: मग बदली बाई नको. कोल्हापूरहून शनिवारी रात्री निघेन, रविवारी मी बाबांजवळ.

शुभा: चारही रविवार? बाबांना उचलून खुर्चीत बसवावं लागतं, डायपर असतं. नीट विचार कर.

समीर: केलाय.

शुभा: तर मग ते 2,800 तुझ्या वाट्यातून वजा. तुला रोख 80 रुपये द्यायचे. दादा, आपले आकडे तसेच राहतात, कारण बाईचा तेवढा खर्चही वाचतो. ज्या महिन्यात तू तीनच रविवार आलास, त्या महिन्यात 700 टाकायचे. माफ करणं नाही, नाहीतर मीच परत धावते.

वहिनी: शुभाताई, एक विचारू? आम्ही जास्त देणार, मग उद्या घराचं काय? राग मानू नका, आज विचारलेलं बरं.

शुभा: बरं केलंत वहिनी. माझ्या मते हे पैसे घरावरचं कर्ज नाहीत. कुणी किती दिले ते वहीत राहील, पण घर बाबांचं आहे, त्याचं काय करायचं ते बाबा ठरवतील. दोन्ही एकत्र केलं तर प्रत्येक सलाईनच्या बाटलीत चौरस फूट मोजत बसू.

दादा: मान्य. पण महिन्याचं झालं, पुन्हा ॲडमिट करायची वेळ आली तर?

शुभा: त्यासाठी वेगळा दीड लाख. त्याच प्रमाणात, तुझे 84,000, माझे 48,000, समीरचे 18,000. एकदम नको, दोन दिवाळ्यांत मिळून. खातं आई आणि माझ्या नावावर, दोघींपैकी कुणीही काढू शकेल असं. रात्री दोन वाजता आईची सही कुठे शोधणार?

आणि दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं राहिलंय. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत दवाखान्यात भरतीचा खर्च सरकार देतं. पण ते दोघांत मिळून 5 लाख, प्रत्येकी नव्हे. यादीतल्या दवाखान्यातच चालतं, आणि बाईचा पगार किंवा घरची रोजची औषधं त्यात येत नाहीत. मागच्या वेळचा दवाखाना यादीत नाही, मी बघितलं. म्हणून साताऱ्यातला यादीतला एक आधी जाऊन बघून ठेवायला हवा, रुग्णवाहिकेत बसल्यावर नाही.

दादा: माझे 13,440 तुझ्या खात्यात टाकू का?

शुभा: नको! तू जुन्या करपद्धतीत आहेस ना? आई-बाबांचा आरोग्य विमा नाही, त्यामुळे त्यांच्या औषधोपचारावर तू स्वतः खर्च केलेल्या 50,000 पर्यंत आयकरात वजावट मिळते. पण रोख दिलेले चालत नाहीत. माझ्या खात्यात टाकलेस तर पुरावा माझ्या नावाचा होतो. औषधाचे 9,200 तू थेट दुकानदाराला यूपीआयने दे, बिलावर बाबांचं किंवा आईचं नाव घे. उरलेले 4,240 इकडे. बिलांचे फोटो याच ग्रुपवर, वेगळी फाईल कुणी उघडत नाही.

समीर: 80 रुपये कुठे पाठवू?

शुभा: गप रे. येताना खायची पानं आण बाबांना, चुना न लावलेली.

दादा: कार्डाचं मी बघतो. बाबांच्या आधारला कुठला नंबर जोडलाय?

शुभा: तुझा. पुण्याला गेलास तेव्हाचा पहिला.

दादा: तो बंद होऊन सहा वर्षं झाली.

शुभा: म्हणजे आधी आधार केंद्र. गुरुवारी अर्धी रजा टाकते, या वेळी तू ये खाली गाडी घेऊन.