सगळीच कॉम्बिनेशन विकत घेतली तर?

एडिसनचा पंत
इकडे अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीचा जॅकपॉट बरेच दिवस कुणाला लागलेला नाही, साचत 100 कोटी डॉलरवर गेलाय. कॉम्बिनेशन एकूण 29 कोटी 22 लाख, तिकीट 2 डॉलरचं. म्हणजे साधारण 58 कोटींत सगळी तिकिटं घेता येतील. मग पैसेवाले हे का करत नाहीत?

डब्लिनकर
आमच्या आयर्लंडमध्ये 1992 च्या मे महिन्यात करून झालंय हे! तेव्हा लोटोत 36 आकड्यांतून 6 निवडायचे, म्हणजे 19,47,792 कॉम्बिनेशन, तिकीट 50 पेन्सचं. पावणेदहा लाख पौंडांत सगळा खेळ खिशात. काही मंडळींनी पैसे जमवले आणि सहा महिने बसून जवळपास अडीच लाख स्लिपांवर हाताने खुणा केल्या. जॅकपॉट साचून 17 लाखांवर गेल्यावर माणसं दुकानादुकानांत पाठवली.

लॉटरीवाल्यांना कुणकुण लागली. त्यांनी तिकिटं छापणाऱ्या प्रत्येक मशीनच्या विक्रीवर मर्यादा घातली, आणि जिथे ही माणसं गठ्ठे घेऊन उभी होती तिथली मशीनं सरळ बंद केली. शेवटी सुमारे 8 लाख 20 हजार पौंडांची तिकिटं हाती लागली. म्हणजे दर सहा कॉम्बिनेशनांतलं एक राहिलंच.

आकडेमोड्या
पण त्यांना लागला ना जॅकपॉट? मग अडचण फक्त मशीनची. जॅकपॉट खर्चाच्या वर गेला की गणित आपल्या बाजूने, एवढं सोपं आहे.

डब्लिनकर
लागला, पण तेच सहा आकडे आणखी दोन तिकिटांवर होते. वाट्याला तिसरा हिस्सा आला, 5,68,682 पौंड. खर्च सव्वाआठ लाख. नुसत्या जॅकपॉटवर बसले असते तर अडीच लाखांना बुडाले असते.

वाचवलं ते भलत्याच गोष्टीने. त्या सोडतीला चार आकडे जुळले तरी 100 पौंड नक्की, अशी खास योजना होती. सगळी कॉम्बिनेशन घेतली तर चार जुळणारी 6,525 निघतात. यांच्याकडे त्यातली साडेपाच हजारांच्या आसपास असणार, म्हणजे साडेपाच लाख पौंड, आणि ही रक्कम कुणात वाटली जात नाही. म्हणून एकूण साधारण 11 लाख 66 हजार आले आणि ते फायद्यात राहिले. पुढे लॉटरीने आकडे 39 केले, मग 42. कॉम्बिनेशन थेट 52 लाखांवर!

चंदूशेठ
हे मी दादरच्या स्टॉलवर केलंय. शेवटचा आकडा 0 ते 9, अशी दहा तिकिटं घेतली. एक लागणारच होतं, लागलं. बक्षीस दहा तिकिटांच्या पैशांपेक्षा कमी. बायको अजून टोमणे मारते.

डब्लिनकर
चंदूशेठ, तुमची छापील लॉटरी. एक नंबर छापला की तो एकाच्याच हातात. लोटोत तेच सहा आकडे शंभर जण घेऊ शकतात. वाटणी तिथूनच सुरू होते. (वहिनींचं मात्र बरोबर आहे.)

एडिसनचा पंत
म्हणजे जॅकपॉट जितका साचेल तितके इतर खेळणारेही वाढतात. हे डोक्यात आलं नव्हतं. पण मशीनचं काय, आता सगळं डिजिटल ना?

आकडेमोड्या
मीच हिशोब केला. एका स्लिपवर पाच कॉम्बिनेशन, म्हणजे 5 कोटी 84 लाख स्लिपा. एकीला 5 सेकंद धरले तर एका मशीनला सव्वानऊ वर्षं लागतील. दोन सोडतींमध्ये जेमतेम दोन-तीन दिवस. दोन दिवसांत उरकायचं तर जवळपास 1,700 मशीनं, रात्रंदिवस, एकदाही कागद न अडकता. आणि छापलेलं तिकीट हरवलं तर नेमकं तेच लागायचं!

तरी माझा मुद्दा सोडत नाही. 2023 मध्ये टेक्सासच्या लोटोत जवळजवळ सगळी कॉम्बिनेशन घेऊन साडेनऊ कोटी डॉलरचा जॅकपॉट मारलाच की.

डब्लिनकर
मारला. तिथे 2 कोटी 58 लाख कॉम्बिनेशन होती आणि तिकीट 1 डॉलरचं. मोजक्याच ठिकाणी ढिगाने मशीनं मिळाली, हीच मेख. वर कुणी वाटेकरी निघाला नाही, हे नशीब. साडेनऊ कोटी हा आकडाही वर्षानुवर्षं हप्त्यांनी घेतला तरचा. एकरकमी हातात 5 कोटी 78 लाख, तेही कराआधी. पंत, तुमच्या 100 कोटींचंही तसंच. एकरकमी घेतलात तर साधारण निम्मे.

एडिसनचा पंत
निम्मे? मग 58 कोटी घालून मला पन्नासच मिळणार?

चंदूशेठ
आणि टोमणे वेगळे.