मदत हवी आहे: साखरपुड्याची बातमी सगळ्यांना, आमंत्रण मोजक्यांना. मजकूर कसा लिहू?

मुलीचं लग्न ठरलंय. साखरपुडा दादरला एका छोट्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. दोन्हीकडची मिळून साठ पानं, त्यात आमची तीस. नात्याच्या ग्रुपवरच दीडशे जण आहेत, शिवाय तिच्या मैत्रिणी, आमचे शेजारी.

आत्या-मामांना आधी फोन करणार आहे. ग्रुपवर वाचून कळलं तर लग्नापर्यंत ऐकावं लागेल! नंतर ग्रुपवर फक्त बातमी टाकायची, हॉलचा पत्ता नाही:

‘आमच्या मुलीचा विवाह निश्चित झाला आहे. साखरपुडा घरगुती स्वरूपात करत आहोत. लग्नाला आपण सर्वांनी यायचंच आहे, तारीख कळवूच. आशीर्वाद असू द्यावेत.’

ज्यांना बोलवायचं त्यांना वेगळा मेसेज: ‘आपण दोघांनी अवश्य यावे. साडेदहाला विधी, नंतर जेवण. कृपया अहेर आणू नये.’ ‘सहकुटुंब’ मुद्दामच टाळलंय, नाहीतर पानं वाढतील.

‘घरगुती’ वाचून कुणाला डावललं असं वाटेल का? आणि डोंबिवली-कल्याणची मंडळी बरीच आहेत. रविवारी मेगाब्लॉक असला तर साडेदहा फार लवकर होईल का, की विधी अकरानंतर ठेवू?